‘तूच लिहून आण, मी सही करतो’

माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये ‘लेटर्स’ नावाचं एक फोल्डर आहे. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत मिळून तीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा माणसं सांभाळण्यात गेली. त्या बारा वर्षांत हाताखालून गेलेल्या मुलामुलींसाठी लिहिलेली शिफारसपत्रं त्यात आहेत. निवृत्त झाल्यावर एके दुपारी ती सगळी एका बैठकीत वाचून काढली आणि चांगलाच ओशाळलो. त्यातली बरीचशी पत्रं एकाच माणसाबद्दल लिहिल्यासारखी होती. सगळे मेहनती, सगळे प्रामाणिक, सगळे वक्तशीर, आणि शेवटी सगळ्यांना उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.

त्यात सहा ओळींचं एक पत्र होतं. एका मुलाला अमेरिकेत एमबीएला जायचं होतं. ‘सर, परवा शेवटची तारीख आहे,’ असं म्हणत तो रात्री नऊला फोनवर आला. मी तेव्हा मार्चअखेरच्या डिस्पॅचमध्ये बुडालो होतो. नेहमीचं वाक्य टाकलं, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ त्यानं लिहून आणलं आणि मी सही केली. पत्रात एकही गोष्ट खोटी नव्हती, पण त्या मुलाबद्दल एकही गोष्ट नव्हती.

दोन वर्षांनी तशीच विनंती दुसऱ्या एका मुलीकडून आली. ती आमच्याकडे क्वालिटी विभागात होती. तिच्यासाठी लिहिलेलं पत्र त्या फोल्डरमधलं मला आजही वाचवतं असं एकमेव पत्र आहे. त्या दोन वर्षांत माझं लेखन सुधारलं नव्हतं, तिची मागण्याची पद्धत वेगळी होती. ती कशी, तेच सांगायचं आहे.

आधी एक घोळ मिटवतो. आपल्याकडे नोकरी सोडताना एचआर जे देतं ते अनुभवपत्र. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, या हुद्द्यावर, वर्तणूक समाधानकारक. ते कंपनीचं असतं, लेटरहेडवर असतं आणि त्यात मत नसतं. शिफारसपत्र एका माणसाचं असतं आणि त्यात मताशिवाय दुसरं काही नसतं. पुष्कळ मुलं साहेबांकडे शिफारस मागतात आणि मनात अनुभवपत्राचा साचा धरून बसतात. साहेबही तोच साचा भरून देतात. काही कंपन्यांमध्ये लेटरहेडवर कोणाचीही शिफारस करायला मनाई असते, म्हणून साहेब कचरतात. तेव्हा ‘हे कंपनीच्या वतीनं नाही, तुमचं स्वतःचं मत म्हणून हवं आहे,’ एवढं सांगितलं की बहुतेकांची अडचण सुटते.

अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलना तर सहीशिक्क्याचं पत्र नकोच असतं. अर्जदार आपल्या ऑनलाइन अर्जात साहेबांचं नाव आणि ईमेल भरतो, तिथून साहेबांना एक लिंक जाते, आणि ती उघडून साहेबांनी थेट तिथेच उत्तरं लिहायची असतात. जीमॅट परीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेनं या उत्तरांसाठी एक सामाईक नमुना केला आहे, तो बरीच स्कूलं वापरतात. त्यात साधारण तीन प्रश्न असतात. पहिला : तुम्ही या माणसाला कसं ओळखता? याला ५० शब्द. दुसरा : अशाच कामावरच्या इतर चांगल्या लोकांच्या तुलनेत याची कामगिरी कशी होती, उदाहरणं देऊन सांगा. याला ५०० शब्द. तिसरा : तुम्ही याला सुधारणेसाठी दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती, ती कोणत्या प्रसंगी दिली आणि त्यानं ती कशी घेतली? यालाही ५०० शब्द. शिवाय एक तक्ता असतो, त्यात वेगवेगळ्या गुणांसमोर पाच पायऱ्यांपैकी एकीवर खूण करायची.

प्रश्न पुन्हा एकदा वाचून बघा. ‘मेहनती’ हा शब्द यातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर होत नाही. दुसऱ्या प्रश्नाला तुलना हवी, तिसऱ्याला प्रसंग हवा. आणि इथेच साहेबांची पंचाईत होते, कारण साहेबांच्या डोक्यात माणसं विशेषणांच्या रूपात राहतात. तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलीबद्दल मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ‘हुशार होती, जरा फटकळ होती.’ बस. कोणत्या मशीनवर, कोणत्या महिन्यात, किती टक्क्यांनी काय झालं, ते तिला आठवणार. मला नाही. माझ्या हाताखाली त्या वर्षांत साठेक माणसं होती, तिला साहेब एकच होता.

म्हणजे जुन्या साहेबांकडे पत्र मागताना खरं काम काय, तर त्यांची आठवण त्यांना परत नेऊन देणं. पत्र लिहून देणं नव्हे. या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे.

त्या मुलीनं जुलैच्या मध्याला फोन केला. तिची पहिली फेरी सप्टेंबरमधली होती, म्हणजे हाताशी सात आठवडे होते. आधी एका ओळीचा मेसेज आला, ‘सर, दहा मिनिटं बोलायचं आहे, शनिवारी केव्हा फोन करू?’ फोनवर थोडी इकडची तिकडची विचारपूस झाली आणि मग तिनं जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. ‘सर, तुम्ही मला दोन वर्षं जवळून पाहिलंत. माझ्याबद्दल प्रसंग देऊन, सविस्तर लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का? नसेल वाटत तर मोकळेपणानं सांगा, मी दुसऱ्या कोणाला विचारीन. राग नाही.’

‘सर, रेकमेंडेशन द्याल का?’ या प्रश्नाला आपल्याकडे कोणीही नाही म्हणत नाही. नाही म्हणणं आपल्याला जमतच नाही. मग आपण म्हणतो, ‘बघू की,’ किंवा ‘पाठवून ठेव, करून टाकू.’ हे होकार नव्हेत, हे सौम्य नकार आहेत, आणि मागणाऱ्यानं ते ओळखायला शिकलं पाहिजे. मनापासून तयार असलेला साहेब लगेच प्रश्न विचारतो : कुठल्या कॉलेजला? कधीपर्यंत? आणखी कोण देतंय? ‘करून टाकू’वाला साहेब एकही प्रश्न विचारत नाही. तसं झालं तर आभार मानून दुसरीकडे वळावं. कोमट पत्र वाचणाऱ्याला कोमटच लागतं, आणि अर्जदाराला ते कधी कळतही नाही.

माझ्यावरही एक साहेब होते, कंपनीचे संचालक. त्यांचं नाव मोठं, आणि त्या मुलीला ते ओळखतही होते, म्हणजे वार्षिक बक्षीस समारंभात त्यांनी तिला एकदा प्रमाणपत्र दिलं होतं. तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं की त्यांच्याकडूनच घे, वजन पडेल. तिनं मला विचारलं. मी म्हणालो, पहिल्याच प्रश्नात ते काय लिहिणार? ‘मी तिला एकदा प्रमाणपत्र दिलं’? पुढच्या हजार शब्दांसाठी त्यांच्याकडे काहीच नव्हतं. वजन हुद्द्याला नसतं, पाहिलेल्या गोष्टीला असतं. शक्य तिथे ज्याला आपण रोज उत्तर देत होतो त्याच माणसाकडे जावं, मग तो साधा असिस्टंट मॅनेजर असो.

मग मी सवयीनं तेच वाक्य बोललो, ‘तूच लिहून पाठव, मी टाकतो.’ ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘सर, ते मला चालणार नाही. पत्र शिफारस देणाऱ्यानं स्वतः लिहावं असा त्यांचा नियम आहे. शिवाय मी ते वाचणार नाही असं मी अर्जात लिहून दिलंय. पण तुम्हाला लागेल ते सगळं मी काढून देते.’

ही वाचायची भानगड मला नवीन होती. अमेरिकेत १९७४चा एक कायदा आहे, फर्पा म्हणतात त्याला. त्यानुसार विद्यार्थ्याला विद्यापीठाकडे असलेली स्वतःची कागदपत्रं पाहायचा हक्क आहे, आणि प्रवेश घेऊन तिथे दाखल झाल्यावर त्यात शिफारसपत्रंही येऊ शकतात. म्हणून अर्जातच विचारतात, हा हक्क सोडता का? बहुतेक जण ‘हो’वर खूण करतात, कारण जे पत्र अर्जदार वाचू शकतो त्यावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो. साहेबांनाही हे सांगून ठेवावं. ती वाचणार नाही हे कळल्यावर माझी लेखणी, खरं सांगतो, बरीच सैल झाली.

स्वतःच लिहिलेली पत्रं पकडली कशी जातात, हे मी नंतर या कामातल्या एका ओळखीच्या समुपदेशकाकडून समजून घेतलं. त्यात काही जादू नाही. अर्जदाराचा निबंध आणि दोन साहेबांची पत्रं एकाच फायलीत, एकच माणूस एका बैठकीत वाचतो. तिन्हींमध्ये स्वल्पविराम एकाच लकबीनं पडले असतील, तेच ठेवणीतले शब्द असतील, आणि पंचावन्न वर्षांचा प्लँट हेड पंचविशीतल्या मुलासारखा स्वतःची नेतृत्वयात्रा सांगत असेल, तर त्याला आणखी पुरावा लागत नाही. काही महाभाग साहेबांच्या नावानं नवा ईमेल काढतात आणि लिंक स्वतःच भरतात. ही सरळ फसवणूक आहे. पुष्कळ स्कूलं प्रवेश दिल्यानंतर पडताळणी करतात, त्यात शिफारस देणाऱ्याशी थेट संपर्कही होतो, आणि तेव्हा उघड झालं तर मिळालेला प्रवेश जातो.

दुसरं कारण जास्त साधं आहे. स्वतःबद्दल लिहिताना माणूस एक तर संकोचतो, नाही तर फुगवतो. त्या मुलाच्या सहा ओळी संकोचाच्या होत्या.

दोन दिवसांनी तिचा ईमेल आला. त्यासोबत दोनच गोष्टी होत्या, तिचा सीव्ही आणि दीड पानांचं टिपण. टिपणात पत्रासारखं एकही वाक्य नव्हतं, नुसते मुद्दे होते. वर चार ओळी : कधीपासून कधीपर्यंत माझ्या हाताखाली होती, तेव्हाचा हुद्दा काय, पुढे काय शिकायचं आहे आणि का. त्याखाली तीन प्रसंग. आणि अगदी शेवटी, ‘यातलं जे तुम्हाला आठवत नसेल किंवा वेगळं आठवत असेल ते सोडून द्या.’

पहिला प्रसंग तिनं असा लिहिला होता. तो तिच्याच शब्दांत देतो, थोडा आवरून :

‘पंपाच्या बुशची लाइन. ४२ मिलिमीटरचा बोअर, मोजमापात मोकळीक २५ मायक्रॉनची. सोमवारी पहिल्या शिफ्टला रिजेक्शन जास्त. तुमचं आणि सुपरवायझर साहेबांचं मत : रविवारच्या सुट्टीनंतर ऑपरेटर ढिले असतात. मी आठ आठवड्यांचे आकडे ऑपरेटरप्रमाणे न लावता तासाप्रमाणे लावले. सात ते आठ या तासात शंभरात नऊ, नंतर शंभरात एक. ऑपरेटर कोणीही असला तरी तेच. मशीन थंड असताना ऑफसेट लावत होते, तासाभरात स्क्रू गरम होऊन माप सरकत होतं. २० मिनिटांचा वॉर्मअप सुरू केल्यावर पहिल्या तासाचं रिजेक्शन शंभरात दोनवर आलं.’

हे वाचताना मला तो सगळा पावसाळा आठवला. मोकळीक २५ मायक्रॉनची म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. सीएनसी लेथ रविवारभर बंद राहतो. सोमवारी सकाळी सुरू केला की त्याचा बॉलस्क्रू हळूहळू तापतो, लांबीनं काही मायक्रॉन वाढतो, आणि व्यासावर तो फरक दुप्पट होऊन पडतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण सोमवारचा ऑपरेटर रविवारचाच असतो, असा विनोद शॉपमध्ये वर्षानुवर्षं चालत आला होता, आणि तो करणाऱ्यांत मीही होतो. म्हणजे या मुलीनं पुराव्यानिशी मला खोटं पाडलं होतं, आणि ती गोष्ट मी साफ विसरून गेलो होतो. टिपण आलं नसतं तर पत्रात ती आलीच नसती. ‘विश्लेषणात्मक कौशल्य उत्तम आहे,’ असं लिहून मी मोकळा झालो असतो.

आता तुलनेचा प्रश्न. त्यावर तिनं एक शब्दही लिहिला नव्हता, आणि ते बरोबरच होतं, कारण तुलना साहेबच करू शकतो. ते वाक्य मी स्वतः लिहिलं : ‘त्या लाइनवर तिच्या आधी चार क्वालिटी इंजिनिअर येऊन गेले, त्यांतले दोघे तिच्यापेक्षा अनुभवी. आकडे सगळ्यांकडे तेच होते. ते तासाप्रमाणे लावून पाहावेत हे फक्त तिला सुचलं, आणि तिच्या साहेबाचं मत चुकीचं आहे हे दाखवायला ती कचरली नाही. तो साहेब मी.’ त्या पत्रातला हा भाग मला सर्वांत आवडतो, आणि तो तिच्या टिपणात कुठेच नव्हता. टिपणाचं काम साहेबाला तिथपर्यंत आणून सोडायचं, पुढचं पाऊल त्याचं त्यानं टाकायचं.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र बहुतेक मुलं घाबरतात. साहेबांना आपला दोष कोण आठवून देणार? मग साहेब आपल्या मनानं काहीतरी गोड लिहितात, ‘ती जरा जास्तच काम करते, तब्येतीकडे लक्ष दे असं मी तिला सांगितलं.’ असला दोष वाचणाऱ्यानं हजारदा वाचलेला असतो. वाचणारा त्यातून एवढंच काढतो की या साहेबानं कधी खरी सूचना दिलीच नाही, किंवा दिलेली तो लपवतोय.

तिचा दुसरा प्रसंग नेमका याचा होता. ‘तो तासांचा ग्राफ मी सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर स्क्रीनवर लावला. सुपरवायझर साहेबांना आधी दाखवला नव्हता. ते काही बोलले नाहीत, पण वॉर्मअप तीन आठवडे सुरूच झाला नाही. रोज काही ना काही कारण. मग तुम्ही केबिनमध्ये बोलावून म्हणालात, ग्राफ बरोबर आहे, जागा चुकली. ज्याची लाइन आहे त्याला आधी दाखव. मला त्या दिवशी राग आला होता.’

हे मात्र मला आठवत होतं, आणि पुढचंही. पुढच्या सोमवारी साडेसहाला ती शॉपमध्ये उभी होती, दोन चहा घेऊन. सात वाजता पीस मोजायला सुरुवात होते आणि पगाराबरोबरचा इन्सेंटिव्ह पिसांवर असतो, त्यामुळे २० मिनिटं मशीन नुसतं फिरवणं ऑपरेटरला परवडत नाही, ही सुपरवायझरची खरी अडचण तिला तिथे पहिल्यांदा कळली. मग मेंटेनन्सच्या माणसानं सोमवारी अर्धा तास आधी येऊन मशीन सुरू करायची, असं त्या दोघांनी मिळून ठरवलं. वॉर्मअपची सूचना मशीनवर चिकटली ती सुपरवायझरच्या अक्षरात. तिनं टिपणात एवढं सविस्तर लिहिलं नव्हतं. चहाचं मी घातलं, अक्षराचंही मीच घातलं.

चूक सांगताना ती त्याच प्रसंगातली सांगितली की पत्राला बळ येतं, असा माझा अनुभव आहे. पहिल्या प्रसंगात तिची बुद्धी दिसली, दुसऱ्यात तिचा उतावीळपणा आणि तो तिनं कसा निस्तरला ते दिसलं. दोन्हींत मशीन एकच, माणसं तीच. वाचणाऱ्याला ती डोळ्यांपुढे उभी राहिली असेल.

तिसरा प्रसंग मी वापरलाच नाही. तो एका ग्राहकाच्या ऑडिटचा होता. चांगला होता, पण दोन प्रसंगांत ५०० शब्द भरत आले होते. टिपणात तीनपेक्षा जास्त प्रसंग देऊ नयेत असं मी तेव्हापासून सांगत आलो आहे. एका मुलानं मला नंतर अकरा पानं पाठवली होती, अप्रेझलच्या फॉर्मसकट. मी ती उघडली आणि बंद केली.

तक्त्याबद्दलही सांगायला हवं. आपल्याला शंभरपैकी शंभर द्यायची सवय आहे. पाच पायऱ्या दिसल्या की सगळ्यांत वरच्या पायरीवर सरळ रेघ ओढायची. सगळीकडे पाच दिसले की वाचणारा तक्ता बाजूला सारतो. मी तिला चार ठिकाणी पाच दिले, पुष्कळ ठिकाणी चार, आणि लोकांना बरोबर घेण्याच्या रकान्यात तीन. वर लिहिलेल्या प्रसंगाशी ते जुळत होतं. अर्जदारानं साहेबांना एवढंच सांगावं की तक्ता आणि प्रसंग एकमेकांशी जुळू द्या. कुठे किती द्या, हे सांगू नये.

आता राहिली तारखा आणि यंत्रणेची कटकट. ती थोडक्यात सांगतो, पण घोळ सर्वाधिक इथेच होतात. तिनं ईमेलच्या अगदी वर तीन ओळींत तीन स्कूलं, त्यांच्या तारखा आणि भारतीय वेळ लिहिली होती. न्यूयॉर्कची वेळ सप्टेंबरात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. तिथले दुपारचे १२ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, आणि तिथले संध्याकाळचे ५ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे अडीच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात, मग फरक साडेदहा तासांचा होतो, त्यामुळे जानेवारीच्या फेरीला हे गणित पुन्हा करावं लागतं. तिनं मला दिलेली तारीख प्रत्येक ठिकाणी खऱ्या तारखेच्या आठ दिवस आधीची होती, आणि ती तशी आहे हे तिनं उघड लिहिलं होतं. ‘ही माझी तारीख, कंसात त्यांची.’ खोटी तारीख देऊन साहेबांना पळवणं मला आवडत नाही, आणि साहेबांच्या ते लक्षातही येतं.

लिंक आपोआप येते, तीही अनोळखी पत्त्यावरून, आणि पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडते. तिन्ही लिंका ज्या दिवशी निघाल्या त्याच दिवशी तिनं मेसेज केला, ‘आज तीन मेल येतील, न दिसल्यास स्पॅममध्ये बघा.’ एक तिथेच होता. शक्यतो कंपनीचा ईमेल द्यावा असं स्कूलं सांगतात, कारण जीमेलच्या पत्त्यावर शंका येते. मी तेव्हा नोकरीत होतो म्हणून ते जमलं. साहेब नोकरी सोडून गेले असतील किंवा निवृत्त असतील तर वैयक्तिक ईमेल द्यायला हरकत नाही, पण ते आता तिथे नाहीत हे अर्जात स्पष्ट लिहावं, आणि पत्राच्या पहिल्याच वाक्यात साहेबांनीही लिहावं : ‘अमुक ते तमुक या काळात मी त्या कंपनीत प्लँट हेड होतो, आता निवृत्त आहे.’

इंग्रजीचा प्रश्न आपल्याकडे मोठा असतो आणि कोणी तो उघड बोलत नाही. शॉपमधल्या कितीतरी चांगल्या साहेबांना हजार शब्द इंग्रजीत लिहायची धास्ती वाटते, आणि ‘तूच लिहून आण’ हे पुष्कळदा त्या धास्तीतूनच येतं. मलाही वाटायची. मी मराठीत लिहून काढलं, मग माझ्या मुलीनं माझ्यासमोर बसून त्याचं इंग्रजी केलं. तिचा अर्जाशी काही संबंध नव्हता, म्हणून ते चाललं. साहेबांनी असा कोणी घरचा किंवा ऑफिसमधला माणूस धरावा. फक्त तो माणूस अर्जदार नसावा. प्रवेश समितीला साहेबांच्या व्याकरणात रस नसतो. वाक्यं साधी असली तरी चालतात.

आठवण करून देण्याचंही सांगतो. तिनं दोनदाच केली. एकदा आठ दिवस आधी, ‘सर, काही लागलं तर मी आहे,’ आणि एकदा दोन दिवस आधी, तेही एकाच स्कूलबद्दल, कारण ते पोर्टल तिला ‘अजून आलं नाही’ असं दाखवत होतं. मी भरलं होतं पण शेवटचं बटण दाबायचं राहिलं होतं. तिनं विचारलं नसतं तर ते तसंच राहिलं असतं. मुलं साहेबांना पुन्हा विचारायला लाजतात. लाजू नका, पोर्टलवर बघा आणि विचारा.

मी पत्र लिहिलं एका रविवारी, अडीच तासांत. पुढची दोन स्कूलं तीच उत्तरं मागत होती, त्यांना दहा-दहा मिनिटं लागली.

डिसेंबरात तिचा फोन आला. एका ठिकाणी नकार, एका ठिकाणी प्रतीक्षायादी, एका ठिकाणी प्रवेश. तिन्ही निकाल तिनं त्याच क्रमानं सांगितले, नकार आधी. मग विचारलं, ‘सर, सोमवारी अजून अर्धा तास आधी मशीन सुरू करतात का?’ मी म्हणालो, करतात.

सहा ओळींच्या पत्रावाल्या मुलाचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. त्यानं कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.